हातउसने दिलेले पैसे: दावा दाखल करण्यापूर्वीची तयारी

मित्राला विश्वासाने पैसे दिले, कागद केला नाही आणि आता तो देण्याचे नाव काढत नाही, अशा वेळी पहिला प्रश्न असतो तो लेखी करार नसताना दावा चालेल का, हा. तो चालतो. तोंडी करारही भारतीय करार कायद्याप्रमाणे करारच असतो. अडचण पुराव्याची असते, आणि पुरावा दोन वेगवेगळ्या गोष्टींचा द्यावा लागतो: पैसे तुमच्याकडून त्याच्याकडे गेले ही एक, आणि ते परत करण्याच्या बोलीवर गेले ही दुसरी. बहुतेक जण पहिल्या गोष्टीचा पुरावा घेऊन वकिलाकडे जातात आणि दुसरीचा विचार प्रतिवादीची कैफियत, म्हणजे त्याने दाव्याला दिलेले लेखी उत्तर, हाती आल्यावर करतात. ही तयारी मुख्यतः त्या दुसऱ्या गोष्टीसाठी आहे.

समजण्यासाठी एक कल्पित व्यवहार धरू. पुण्यातील एका नोकरदाराने १२ जून २०२४ रोजी मित्राला दुकानाच्या अनामत रकमेसाठी साडेतीन लाख रुपये दिले. त्यातील अडीच लाख एनईएफटीने गेले आणि एक लाख त्याच दिवशी बँकेतून काढून रोख दिले. दिवाळीपर्यंत परत करण्याचे तोंडी ठरले होते. जानेवारी २०२५ मध्ये मित्राने चाळीस हजार यूपीआयने पाठवले आणि त्यानंतर काहीही दिले नाही. म्हणजे येणे उरले तीन लाख दहा हजार.

सर्वांत आधी तारीख पाहावी, कारण ती चुकली तर पुढचे सगळे व्यर्थ जाते. मुदत कायदा १९६३ प्रमाणे उसने दिलेल्या पैशांच्या वसुलीसाठी तीन वर्षांची मुदत आहे आणि ती पैसे दिल्याच्या तारखेपासून मोजली जाते. ‘मागशील तेव्हा देईन’ अशी बोली असली तरी मुदत मागणीच्या नव्हे, पैसे दिल्याच्या तारखेपासूनच सुरू होते, आणि नेमकी इथेच सर्वाधिक माणसे फसतात. आपल्या उदाहरणात दिवाळीचा वायदा होता, त्यामुळे मुदत तेव्हापासून धरावी असा युक्तिवाद करता येईल, पण त्यावर विसंबू नये आणि १२ जून २०२७ हीच शेवटची तारीख मानून चालावे. वकिलाची नोटीस पाठवल्याने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. मुदत संपलेला दावा न्यायालयाला फेटाळावाच लागतो, मग समोरच्याने तो मुद्दा काढलेला असो वा नसो.

मुदत नव्याने सुरू होण्याचे दोन मार्ग आहेत. मूळ मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सही करून देणे लेखी मान्य केले, तर त्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षे मिळतात. मुदतीच्या आत काही रक्कम परत केली तरीही मिळतात, मात्र त्या परतफेडीची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असावी लागते. चाळीस हजारांचे यूपीआय या अटीत बसते का, यावर वाद होऊ शकतो. म्हणून मित्राशी बोलणे अजून टिकून असेल, तर ‘दि. १२ जून २०२४ रोजी घेतलेल्या ३,५०,००० रुपयांपैकी ४०,००० परत केले, ३,१०,००० देणे आहे’ असा मजकूर, तारीख आणि सही असलेला एक कागद मिळवण्याचा प्रयत्न आधी करावा. त्याला मुद्रांक किती लागेल हे वकिलाला विचारून घ्यावे. असा एक कागद पुढील कित्येक पानांच्या पुराव्यापेक्षा मोलाचा ठरतो.

पैसे गेल्याचा पुरावा बँकेकडून घ्यायचा असतो. नेट बँकिंगमधून काढलेली पीडीएफ वकिलाला दाखवायला पुरते, पण न्यायालयासाठी बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट १८९१ प्रमाणे प्रमाणित केलेला खातेउतारा शाखेकडून मागावा. त्यावर शिक्का व अधिकाऱ्याची सही असावी आणि सोबत संगणकीय नोंदींबाबतचे प्रमाणपत्र असावे. उतारा केवळ त्या दिवसाचा न मागता व्यवहाराच्या दोन-तीन महिने आधीपासून शेवटच्या परतफेडीपर्यंतचा मागावा. त्यामुळे तुमच्याकडे पैसे कुठून आले हे दिसते, मित्राकडून तुमच्या खात्यात आधी काही रक्कम आलेली नव्हती हेही दिसते आणि चाळीस हजारांची जमा त्याच कागदावर येते.

रोख दिलेल्या एक लाखाची बाजू सर्वांत कमकुवत असते, म्हणून तिथे अधिक कष्ट घ्यावेत. त्याच दिवशी खात्यातून एक लाख काढल्याची नोंद ही पैसे तुमच्या हातात होते एवढेच सांगते. ते मित्राच्या हातात पडले हे सांगायला देताना हजर असलेली व्यक्ती किंवा मित्राचा एखादा संदेश लागतो. साक्षीदार नातेवाईक असला म्हणून त्याची साक्ष बाद होत नाही, पण उलटतपासात ती अधिक ताणली जाते, त्यामुळे दोघांच्याही ओळखीचा माणूस मिळाल्यास उत्तम. आयकर कायद्याने वीस हजार किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेण्यास मनाई केली आहे, म्हणून हे कर्जच बेकायदा, असा बचाव हमखास येतो. त्या नियमाचा दंड पैसे घेणाऱ्यावर बसतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये गोव्यातून आलेल्या एका धनादेश प्रकरणात अशा उल्लंघनामुळे देणे रद्दबातल ठरत नाही असे म्हटले आहे. मात्र रोख रक्कम दोन लाख किंवा त्याहून जास्त असल्याचे दाव्यात लिहिले, तर न्यायालयाने ती बाब आयकर खात्याला कळवावी असाही सर्वोच्च न्यायालयाचा निर्देश आहे, हे लक्षात घेऊन आपली विवरणपत्रे आधीच नीट पाहून ठेवावीत.

आता मुख्य मुद्दा. बँकेचा उतारा पैसे का दिले हे सांगत नाही. प्रतिवादी कैफियतीत पैसे मिळाल्याचे मान्य करतो आणि पुढे म्हणतो की ती मदत होती, किंवा धंद्यातील भागीदारी होती, किंवा वादीकडेच माझे जुने येणे होते आणि ते त्याने फेडले. अशा वेळी ते कर्ज होते हे दाखवण्याचा भार वादीवर राहतो. उलट, ‘पैसे घेतले होते, पण रोखीने परत केले’ असे त्याने म्हटले तर परतफेड सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर जातो. दिवाणी दाव्यात संशयातीत पुरावा लागत नाही. दोन्ही बाजू तोलून कोणती अधिक संभवनीय आहे हे न्यायाधीश पाहतात. म्हणून हेतू दाखवणारा प्रत्येक तुकडा गोळा करावा: एनईएफटी करताना शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेले ‘हातउसने’, मित्राचा ‘दिवाळीला सगळे क्लिअर करतो’ हा संदेश, चाळीस हजार पाठवताना त्याने लिहिलेले ‘बाकीचे पुढच्या महिन्यात’. यातील शेवटचे वाक्य मला सर्वांत वजनदार वाटते, कारण भेट मिळालेल्या पैशांना ‘बाकी’ नसते.

असे संदेश हाताशी नसतील, तर अजूनही रक्कम, तारीख आणि कारण स्पष्ट लिहून सभ्य भाषेत विचारणा करणारा संदेश पाठवता येतो. त्यावर ‘थोडा वेळ दे’ एवढे उत्तर आले तरी उपयोग होतो. धमकी, शिवी किंवा त्याच्या नातेवाइकांना पाठवलेले संदेश मात्र उद्या तुमच्याच विरुद्ध वाचले जातील.

मोबाइलवरील संदेश पुरावा म्हणून वाचले जावेत यासाठी प्रमाणपत्र लागते. ते बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्यातील निवडणुकीच्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात स्पष्ट केले. मूळ फोनच न्यायालयात हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर ते लागत नाही, पण व्यवहारात प्रती काढूनच दाखल केल्या जातात. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे आणि त्यातील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. पहिला फोन वापरणाऱ्याने, म्हणजे तुम्ही, आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा. त्यात उपकरणाचे मॉडेल, आयएमईआय क्रमांक आणि फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून संगणकाने काढलेली अंकाक्षरांची खूण, लिहावी लागते. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी ही किंमत बदलते. म्हणून केवळ सोयीच्या ओळींचे स्क्रीनशॉट न ठेवता संपूर्ण संभाषण निर्यात करून घ्यावे, त्यातील काहीही खोडू नये, आणि तो फोन दाव्याचा निकाल लागेपर्यंत विकू नये किंवा रिसेट करू नये. क्रमांक मित्राचाच आहे हे दाखवणारे काहीतरी, उदाहरणार्थ त्याचे दुकानाचे कार्ड किंवा त्याच क्रमांकावर झालेला यूपीआय व्यवहार, सोबत ठेवावे, कारण तुमच्या फोनमध्ये त्याचे नाव तुम्हीच लिहिलेले असते.

नोटीस देणे अशा दाव्यात सक्तीचे नाही, तरी द्यावी. व्याजाचा काही करार नसेल तर व्याज कायदा १९७८ प्रमाणे, व्याज मागणाऱ्या लेखी नोटिशीच्या तारखेपासून ते मागता येते, म्हणून नोटिशीत व्याजाची मागणी स्पष्ट असावी. ती स्पीड पोस्टाने पाठवून पावती आणि पोचल्याचा अहवाल जपावा. तोंडी ठरलेले नसलेले व्याज ठरले होते असे मात्र लिहू नये. एक तर ते टिकत नाही, आणि दुसरे म्हणजे ‘हा विनापरवाना सावकारी करतो’ या बचावाला आयते निमित्त मिळते. महाराष्ट्रातील २०१४ च्या सावकारी कायद्याचा रोख सावकारीच्या धंद्यावर आहे. एकदाच बिनव्याजी दिलेले हातउसने हा धंदा नव्हे.

दावा साधा वसुलीचा दावा म्हणूनच दाखल होईल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालील जलद प्रक्रिया लेखी करार, वचनचिठ्ठी किंवा धनादेशावर आधारलेल्या मागणीसाठी आहे, तोंडी कर्जासाठी नाही. ज्या कागदांवर विसंबायचे ते वादपत्रासोबतच द्यावे लागतात, आणि साक्ष तुम्हाला स्वतः द्यावी लागते. कुलमुखत्याराला पाठवून स्वतः पिंजऱ्यात न जाणाऱ्या वादीबद्दल न्यायालय प्रतिकूल अनुमान काढू शकते. म्हणून रक्कम कुठे, कोणासमोर आणि कशासाठी दिली याचे तारखेनिहाय टिपण आजच लिहावे आणि नोटीस, वादपत्र व सरतपासाचे, म्हणजे तुमच्या स्वतःच्या साक्षीचे, शपथपत्र या तिन्हींतील मजकूर त्याच्याशी ताडून पाहावा. नोटिशीत साडेतीन लाख आणि वादपत्रात तीन लाख दहा हजार असा फरक, मधल्या परतफेडीचा उल्लेख नसताना, दिसला तर उलटतपासाची सुरुवात तिथूनच होते.

शेवटची फाइल मित्राच्या मालमत्तेची. हुकूमनामा मिळाल्यावर वसुलीसाठी स्वतंत्र दरखास्त करावी लागते आणि जप्त काय करायचे हे तुम्हालाच सांगावे लागते. तुम्ही ज्या खात्यात पैसे पाठवले ते बँक खाते, दुकानाचा पत्ता, वाहनाचा क्रमांक, सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरील नाव आणि तो नोकरीत असल्यास कंपनीचे नाव, हे ओळख ताजी असताना टिपून ठेवावे. पगारातून पहिले एक हजार आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग कायद्याने सुरक्षित असतो. म्हणजे एकतीस हजार पगारावर महिन्याला फार तर दहा हजार जप्त होतात, आणि तेही जास्तीत जास्त चोवीस महिने. म्हणजे तीन लाख दहा हजारांपैकी दोन लाख चाळीस हजारच पगारातून निघतील, आणि उरलेल्यासाठी दुसरी मालमत्ता यादीत हवी.