चोर्ला घाट उतरण्याआधी ब्रेक ऑइल तपासा

बेळगावहून जांबोटी-कणकुंबीमार्गे गोव्याला उतरताना पेडल अचानक मऊ लागून खाली गेलं, तर पॅड बदलायची घाई नको. आधी ब्रेक ऑइलचं वय बघा.

हे ऑइल ग्लायकॉल प्रकारचं असतं आणि ते पाणी ओढून घेतं. टाकीच्या झाकणातून आणि रबरी होजमधून हवेतली वाफ हळूहळू आत जाते. पाणी ऑइलमध्ये विरघळतं हे एका परीनं बरंच, नाहीतर ते चाकाजवळच्या, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये साचून गंज धरला असता. पण उकळण्याचा बिंदू घसरतो. डॉट ४ या दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत तग धरतं; त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकानुसार हमी उरते १५५ अंशांची. घाटात सतत ब्रेक दाबल्यावर कॅलिपरजवळ एवढी उष्णता सहज होऊ शकते. मग वाफेचे बुडबुडे तयार होतात, ते दाबले जातात आणि पेडलचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा ठीक, म्हणून दोष सापडत नाही.

रंगावरून ठरवू नका. गॅरेजमध्ये टेस्टर लावून घ्या. पाणी ३ टक्क्यांवर गेलं तर ऑइल बदला. टाकीपेक्षा कॅलिपरकडचं ऑइल जास्त ओलं असू शकतं, त्यामुळे टेस्टर ठीक दाखवत असला तरी कंपनीची मुदत, बहुतेक गाड्यांना दोन वर्षं, ओलांडू नये. खानापूरकडच्या पावसात राहून नेहमी घाट करणाऱ्यानं मी तर दरवर्षी मे महिन्यातच बदला म्हणेन. आणि उघडून ठेवलेला जुना डबा वापरू नका.