छापील प्रत सुंदर, ईबुक गिचमिड : स्वतःचं पुस्तक काढताना या चुका टाळा

समजा, गिरणगावातल्या खानावळींवर तुमचं पुस्तक लिहून झालंय. डेमी आकारात २४० पानं, मधे पुष्कळ जुने फोटो. पेपरबॅकही काढायचंय आणि किंडलवरही आणायचंय. मी दादरला पुस्तकं छपाईसाठी तयार करून देते, त्यामुळे या टप्प्यावरचे लेखक नेहमी भेटतात. मजकुरावर त्यांनी जीव ओतलेला असतो आणि घात होतो तो नंतरच्या कामात. हेच पुस्तक धरून बघू.

फॉन्ट न विचारता अक्षरजुळणीला देणं

मराठी अक्षरजुळणी अजूनही बऱ्याच ठिकाणी श्रीलिपीसारख्या पद्धतीच्या जुन्या फॉन्टमध्ये होते. कागदावर ती देखणी दिसते, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. ईबुकमध्ये वाचकाने फॉन्ट बदलला की सगळं गिचमिड होतं. म्हणून काम देण्याआधीच ‘युनिकोडमध्ये करणार ना?’ असं विचारा. पडताळायचं असेल तर ऑपरेटरच्या मूळ फाइलमधला एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठी वाचता आलं तर युनिकोड आहे. ही परीक्षा पीडीएफवर घेऊ नका. युनिकोडमधून केलेल्या पीडीएफमधूनही देवनागरी पुष्कळदा मोडून येते.

जुळणी आधीच जुन्या फॉन्टमध्ये झाली असेल तर कन्व्हर्टरने बदलता येते, पण त्यानंतरचं प्रूफ टाळू नका. सगळ्यात जास्त मार ‘ऱ्य’ला बसतो. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘पायऱ्या’सारखा साधासा शब्दही ‘पायर्या’ होऊन बसतो, ‘ऱ्हास’चा ‘र्हास’ होतो. घाईत वाचताना डोळा सहज पुढे सरकतो. यावर एकदम ‘रिप्लेस ऑल’ मारायचा मोह होतो, तो आवरा. ‘कार्यालय’, ‘मर्यादा’, ‘पर्याय’ यांतला ‘र्या’ बरोबर आहे. सगळं बदललंत तर ‘काऱ्यालय’ छापून येईल. शोध ‘र्या’चा घ्या, पण प्रत्येक ठिकाणी थांबून ठरवा. ‘र्ये’, ‘र्यां’ आणि ‘र्ह’साठीही तसंच. कंटाळवाणं काम आहे, एखादी दुपार जाते, पण ती द्यायलाच हवी. चुकीचा ‘दुसर्या’ पानोपानी दिसला की मराठी वाचकाचा पुस्तकावरचा विश्वास उडतो.

छपाईची पीडीएफ तशीच किंडलसाठी चढवू नका. पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव आणि पानाचा आकडा वाक्याच्या मधोमध येऊन पडतात. ईबुकसाठी वर्ड किंवा ईपब फाइल वेगळी करा. प्रकरणांच्या नावांना ‘हेडिंग’ची स्टाइल द्या आणि अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे काढून टाका. मग किंडल प्रीव्ह्यूअर या मोफत प्रोग्रॅममध्ये अक्षर लहानमोठं करून पुस्तक शेवटपर्यंत चाळा.

छापील प्रतीसाठी एवढं पाळा की पानांची संख्या पक्की झाल्याशिवाय मुखपृष्ठ अंतिम करू नका. पानं फर्म्यांनी, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यांनी, मोजतात. १६ पानांचा फर्मा धरला तर २४० पानांचे बरोबर १५ फर्मे होतात. ऐनवेळी प्रस्तावना वाढली तर पानं वाढतात, कण्याची जाडी बदलते आणि कण्यावरचं नाव एका बाजूला सरकतं.

आयएसबीएन दुसऱ्याच्या नावावर घेणं

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक. भारतात तो मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडे isbn.gov.in वर लेखक स्वतः अर्ज करू शकतो. कुणी आयएसबीएनचे पैसे लावले, तर ते अर्ज भरून देण्याचे आहेत, क्रमांकाचे नाहीत. पुस्तक काढून देणाऱ्या कंपनीच्या पॅकेजमध्ये मिळणारा क्रमांक बहुधा त्या कंपनीच्या नावावर असतो. नोंदीत प्रकाशक तीच राहते, आणि उद्या तुम्ही दुसरीकडून पुस्तक काढलंत तर नवा क्रमांक लागतो. जुन्या क्रमांकाखालची दुकानांतली नोंद मागेच राहते.

पेपरबॅकचा क्रमांक ईबुकला लावू नका. ईपबला वेगळा क्रमांक हवा. फक्त किंडलवर देणार असाल तर आयएसबीएन नसला तरी चालतं, ॲमेझॉन स्वतःचा ASIN क्रमांक देतं. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर जुनाच क्रमांक चालतो. मजकुरात मोठा बदल करून नवी आवृत्ती काढलीत तर नवा घ्यायचा.

पुस्तक छापून आलं की राष्ट्रीय ग्रंथालय, कोलकाता इथे आणि कायद्याने ठरलेल्या इतर तीन ग्रंथालयांत प्रत पाठवायची असते. १९५४ च्या कायद्यानुसार त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. त्या तिघांपैकी एक मुंबईतच आहे, फोर्टमधल्या टाउन हॉलचं मध्यवर्ती ग्रंथालय. तुम्ही स्वतः प्रकाशक असाल तर ही जबाबदारी तुमचीच.

हिशेब न करता किंमत छापणं

‘१०० टक्के रॉयल्टी’ अशी जाहिरात दिसली की ती कशाच्या १०० टक्के, हे विचारा. बहुतेक वेळा छपाई आणि विक्रेत्याचा वाटा वजा होऊन जे उरतं, त्याच्या. आपल्या पुस्तकाची किंमत ३०० रुपये धरू. आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुमच्या कोटेशनचे घाला. ५०० प्रती ऑफसेटवर छापल्या आणि प्रत ८० रुपयांना पडली. वितरकाला ५० टक्के दिले की हातात १५० येतात, छपाई गेली की ७० राहतात. तीच प्रत मागणीनुसार एकेक छापून घेतली तर छपाईच १३० पर्यंत जाऊ शकते. विक्रेत्याने ४० टक्के घेतले तर १८० उरतात, त्यातून १३० गेले की ५०. आणि ‘वाचकाला परवडावं’ म्हणून किंमत २०० छापलीत, तर विक्रेत्याचा वाटा जाऊन १२० उरतात आणि प्रत्येक प्रतीमागे १० रुपये तुमच्याच खिशातून जातात. किंमत कमी ठेवायची तळमळ मला समजते, पण मग ऑफसेट तरी करा, किंवा थेट विका.

केडीपी म्हणजे लेखकाला स्वतःचं पुस्तक किंडलवर आणू देणारी ॲमेझॉनची सेवा. तिथली पेपरबॅक भारतातल्या ॲमेझॉनसाठी छापली जात नाही. त्यामुळे इथल्या वाचकासाठी छापील प्रतीची सोय वेगळीच करावी लागते, केडीपी फक्त ईबुकसाठी धरा.

ईबुकमध्ये फोटोंचं वजन पैसे खातं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर पुस्तक केडीपी सिलेक्ट या योजनेत असावं लागतं, आणि दर एमबीला ७ रुपये डिलिव्हरी खर्च आधी कापला जातो. ३५ टक्क्यांच्या पर्यायात तो कापत नाहीत. किंमत १५० ठेवली आणि कर बाजूला ठेवला, तर १२ एमबीच्या फाइलवर ८४ रुपये कापले जातात आणि उरलेल्या ६६ चे ७० टक्के म्हणजे ४६ रुपये मिळतात. ३५ टक्क्यांत ५२ रुपये ५० पैसे मिळाले असते! खानावळींचे तेच फोटो योग्य आकारात आणून फाइल २ एमबीवर आणली, तर १३६ चे ७० टक्के, म्हणजे ९५ रुपये. रूपांतरानंतरचा आकार केडीपीच्या किमतीच्या पानावर दिसतो, तो बघूनच पर्याय निवडा.

सिलेक्टमध्ये असेपर्यंत तेच ईबुक गूगल प्ले किंवा बुकगंगावर ठेवता येत नाही. छापील प्रतीला ही अट नाही. मुदत ९० दिवसांची असते आणि आपोआप वाढते. दुसरीकडे ईबुक द्यायचं असेल तर आधी ते नूतनीकरण बंद करा, चालू मुदत संपू द्या, आणि मगच फाइल तिकडे चढवा.