या चुका टाळा: ‘मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय’ एवढ्यावर दावा उभा करू नका

पावसाळा तोंडावर आला की कोकणात घरोघरी लाकूडफाटा, पेंढा, चिऱ्यांचे ढीग हलवले जातात आणि त्यात दडलेले विंचू चावतात. मग ग्रामपंचायतीच्या फलकासाठी कुणीतरी मजकूर लिहून देतं: “विंचू चावल्यावर लगेच प्राझोसिनची गोळी घ्या. पद्मश्री डॉ. हिंमतराव बावसकरांनीच सांगितलंय.” औषधाचं नाव बरोबर आहे. त्याला दिलेला आधार मात्र कच्चा आहे, आणि आधार कच्चा असल्यामुळे दावाही सैल झाला आहे.

पहिली चूक म्हणजे नावालाच पुरावा मानणं. बावसकरांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, पण प्राझोसिन लागू पडतं की नाही हे त्या सन्मानावरून कळत नाही. ते कळतं त्यांच्या कामावरून. महाड परिसरात लाल विंचू चावलेले रुग्ण हृदयावर ताण येऊन, फुप्फुसात पाणी भरून दगावत होते. लाल विंचवाच्या विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकतं. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध नेमकं हे आवळणंच सैल करतं. हा अनुभव त्यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. त्यामुळे कुठल्याही डॉक्टरला तो तपासता आला, खोडताही आला असता.

याच्या उलट टोकाची चूक मला जास्त घातक वाटते. “बावसकरही सुरुवातीला एकटेच होते ना? मग आमच्या या डॉक्टरांचंही खरं असू शकतं,” असं म्हणून कुणाचाही झाडपाल्याचा किंवा मंत्राचा उपाय पुढे केला जातो. एकटं असणं हा काही पुरावा नव्हे. बावसकरांचं म्हणणं टिकलं, कारण इतरांनी ते आपापल्या रुग्णांवर वापरून पाहिलं. म्हणून त्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: तुमच्या नोंदी कुठे छापल्या आहेत, आणि तुमच्याशी संबंध नसलेल्या कुणी त्या पडताळल्या आहेत का? डॉक्टर नामांकित असले, पण त्यांचा विषय हाडांचा किंवा डोळ्यांचा असला, तर विंचवाच्या विषाबाबत त्यांचं मत तुमच्या-माझ्या मतापेक्षा फारसं वजनदार नसतं.

तज्ज्ञांची सहमती कशी घडते, ते पुढच्या टप्प्यात दिसतं. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डॉ. बावसकर आणि डॉ. प्रमोदिनी बावसकर यांनी महाडच्या ७० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. चिठ्ठी टाकल्यासारखे त्यांचे दोन गट केले होते. एकाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचूविरोधी प्रतिविष. १० तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३५ पैकी ८ होते, दुसऱ्यात ३५ पैकी ३२. म्हणजे ज्यांनी प्राझोसिन रुजवलं, त्यांनीच त्याला जोड हवी असं दाखवलं. पुढे २०१४ मध्ये पुदुच्चेरीच्या जिपमेर या वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांनी मुलांवर तशीच चाचणी केली, आणि तिथेही जोड उपचारानं मुलं लवकर सावरली. गाव वेगळं, माणसं वेगळी, निष्कर्ष त्याच दिशेचा. “हजारो डॉक्टर मानतात” या वाक्यापेक्षा अशा एका स्वतंत्र पडताळणीचं वजन जास्त.

आता तिसरी चूक, जी अभ्यासू माणसंही करतात. सहमती जिथं संपते, त्याच्या पुढेही ती ताणली जाते. ट्युनिशियात १९९९ साली ८०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत, विंचू चावलेल्या प्रत्येकाला सरसकट प्रतिविष देण्याचा फायदा दिसला नाही. हे महाडच्या निष्कर्षाला खोडणारं वाटतं, पण तिथले विंचू वेगळ्या जातींचे होते आणि चाचणीत सौम्य दंशाचे रुग्णही धरले होते. महाडच्या चाचणीत विष अंगभर पसरल्याची लक्षणं असलेले रुग्ण होते. फक्त चावल्या जागी दुखत असेल, तर प्राझोसिनची गरज नसते. शिवाय या औषधानं रक्तदाब उतरतो, रुग्ण उठून उभा राहिला तर चक्कर येऊन पडू शकतो. म्हणून घरी गोळी घ्यायला सांगणारा फलक चुकीचा आहे, मग खाली नाव कुणाचंही असो.

तोच मजकूर असा लिहावा: “लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं यांपैकी काहीही दिसलं, तर रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्या. अशा रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्राझोसिन आणि प्रतिविष दिल्यानं ते लवकर बरे होतात, असं महाड आणि पुदुच्चेरी इथल्या दोन वेगळ्या चाचण्यांत दिसलं आहे.” बावसकरांचं नाव घालायचं असेल तर महाडच्या चाचणीपुढे, वर्षासकट घालावं.