अवतरणचित्र आणि कॅप्शन : प्रसिद्धीपूर्वीची तयारी

परिषदेतील भाषणाचे एखादे वाक्य चित्रावर घालून प्रसिद्ध करायचे असेल, तर तयारीचा आरंभ कॅप्शनपासून न करता भाषणाच्या व्हिडिओपासून करावा. निवडलेले वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकावे, त्याच्या आधीचे आणि नंतरचे एकेक मिनिटही ऐकावे आणि वाक्य नेमके कोणत्या मिनिटाला व सेकंदाला येते ते मसुद्यात नोंदवून ठेवावे. आपोआप तयार होणारी सबटायटल्स वाक्य शोधण्यापुरती उपयोगी पडतात. अवतरण मात्र त्यांवरून उचलू नये, कारण त्यांत एखादा ‘नाही’ सहज गळतो आणि तो गळल्याचे वाचताना कळतही नाही.

यानंतरचा प्रश्न काटछाटीचा. समजा, वक्त्या म्हणाल्या आहेत, “किमान आमच्या प्रकल्पात तरी, वापरकर्त्यांनी तक्रार केली नाही, त्यांनी वापरणेच थांबवले.” चित्रात जागा कमी म्हणून पहिले चार शब्द काढण्याचा मोह होतो आणि उरलेले वाक्य अधिक टोकदारही दिसते, परंतु त्याबरोबर एका प्रकल्पाचा अनुभव सर्वत्र लागू पडणारा सिद्धान्त बनतो, आणि तो वक्त्यांनी मांडलेलाच नसतो. असे मर्यादा सांगणारे शब्द ठेवावेत. अक्षरांचा आकार कमी करावा किंवा दुसरे वाक्य निवडावे. ‘म्हणजे’, ‘बघा’ यांसारखे बोलण्यातले अडखळे काढायला हरकत नाही. मधला मजकूर वगळल्यास तेथे तीन टिंबे द्यावीत आणि स्पष्टतेसाठी आपण घातलेला शब्द चौकटी कंसात ठेवावा. भाषण दुसऱ्या भाषेत झाले असेल, तर मराठी वाक्याखाली ‘अनुवाद’ असे चित्रावरच लिहावे.

वाक्य वक्त्याचे स्वतःचे आहे का, हेही त्या आधीच्या मिनिटातच कळते. स्टीव्ह जॉब्स यांनी 2005 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेल्या भाषणाचा शेवट ‘स्टे हंग्री, स्टे फूलिश’ या शब्दांनी केला. परंतु हे शब्द ‘होल अर्थ कॅटलॉग’च्या शेवटच्या अंकाच्या मलपृष्ठावरचे आहेत, असे त्यांनी त्याच भाषणात सांगितले होते. तरीही ते वाक्य आजवर त्यांच्याच नावावर फिरते. अशा वेळी ‘अमुक यांनी भाषणात उद्धृत केलेले’ असे लिहावे.

नाव, त्या वेळचे पद, परिषदेचे नाव आणि वर्ष या चारही गोष्टी चित्रावरच हव्यात, कारण चित्र कॅप्शनशिवायच पुढे पाठवले जाते. शिवाय इन्स्टाग्रामवर प्रसिद्ध झालेल्या पोस्टची कॅप्शन नंतर सुधारता येते, चित्र बदलता येत नाही. नावाचे लेखन आणि पद पत्र पाठवून वक्त्याकडूनच तपासून घ्यावे. कार्यक्रमपत्रिका पुष्कळदा महिन्यांपूर्वी छापलेली असते. त्याच पत्रात चित्राचा मसुदा आणि व्हिडिओतील वेळ पाठवल्यास छायाचित्राची परवानगीही मिळून जाते.

कॅप्शनमध्ये अवतरण पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. ते वाचकाने नुकतेच वाचलेले असते. तेथे वाक्याचा संदर्भ द्यावा आणि तो पहिल्या ओळीतच द्यावा, कारण ‘अधिक’ या शब्दामागे बाकीचा मजकूर दडतो. वरील उदाहरणासाठी कॅप्शन अशी होईल : “तक्रारी कमी आल्या म्हणजे सारे ठीक आहे, असे मानावे का? या प्रश्नावर बोलताना वक्त्यांनी आपल्या प्रकल्पातला हा अनुभव सांगितला. वापर थांबल्याचे त्यांना कसे कळले आणि पुढे काय बदलले, हे पूर्ण भाषणात आहे. भाषण 28 मिनिटांचे असून हा भाग 12:34 पासून सुरू होतो.” (वक्त्यांचे नाव व परिषदेचे नाव अर्थातच येथेही येईल.) ‘नक्की पाहा, थक्क व्हाल’ असे आमंत्रण मी टाळतो, पुढे काय ऐकायला मिळेल आणि किती वेळ लागेल, एवढे कळले की पाहणारा स्वतः ठरवतो.

दुवा शेवटी जोडावा, पण तपासून. यूट्यूबच्या `youtu.be` ने सुरू होणाऱ्या दुव्याला `?t=754`, किंवा दुव्यात आधीच `?` असल्यास `&t=754`, जोडल्यास व्हिडिओ 12:34 पासूनच सुरू होतो. मात्र थेट प्रक्षेपणातून घेतलेली वेळ भाषण स्वतंत्रपणे चढवल्यावर जुळत नाही, तेव्हा ती पुन्हा मोजावी. दुवा लॉग-इन न केलेल्या ब्राउझरमध्ये उघडून पाहावा. आयोजकांच्या खात्यातून खासगी व्हिडिओही व्यवस्थित दिसतो आणि चूक लक्षात येत नाही. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधील दुव्यावर टिचकी मारता येत नाही, म्हणून तेथे दुवा प्रोफाइलमध्ये ठेवून तसे लिहावे. वक्त्याचे खाते टॅग करताना ते उघडून पाहावे, कारण एकाच नावाची खाती अनेक असतात. चित्राच्या पर्यायी मजकुरात संपूर्ण अवतरण आणि वक्त्याचे नाव लिहावे, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही तेच वाक्य, त्याच नावासह मिळेल.