एट्रियमच्या स्मोक एक्झॉस्टमध्ये सूट मागताय? अर्ज करताना या चुका टाळा

मॉलच्या एट्रियमसाठी, म्हणजे मधल्या उंच मोकळ्या जागेसाठी, फायर ऑफिसकडे डेव्हिएशन म्हणजे अटीतून सूट मागणारी बरीच पत्रं मी तपासलीत आणि खरं सांगायचं तर परत येणारी बहुतेक पत्रं फॅनमुळे परत येत नाहीत, कॅल्क्युलेशनमध्ये गृहीत धरलेल्या गोष्टींमुळे येतात. गणित बरोबर असतं, पण आग चुकीची धरलेली असते. म्हणून एकच केस घेऊन बोलूया, म्हणजे कुठे अडतं ते नीट दिसेल.

समजा मॉलचा एट्रियम ५० बाय ६० मीटर, उंची १६ मीटर, म्हणजे घनफळ ४८,००० घनमीटर. प्रोव्हिजनल एनओसीत अट आहे की आग लागल्यावर तासाला ६ एअर चेंज. म्हणजे २,८८,००० घनमीटर प्रति तास, सेकंदाला ८० घनमीटर. आता छतावर एवढ्या फॅनना जागा नाही, स्ट्रक्चरवाला लोड घ्यायला तयार नाही, म्हणून मेकॅनिकल इंजिनिअरला प्रमुख अग्निशमन अधिकाऱ्यांना लिहायचंय की एअर चेंजऐवजी एनएफपीए ९२ या अमेरिकन मानकातल्या प्लूम पद्धतीने, म्हणजे आगीतून वर चढणाऱ्या धुराच्या स्तंभावरून, काढलेला फ्लो मान्य करा. मागणी रास्त आहे, कारण एअर चेंजला आग किती मोठी आणि माणसं किती उंचीवर उभी आहेत हे कळतच नाही, त्याला फक्त डबा किती मोठा ते कळतं.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक म्हणजे आग लहान धरणं. २ मेगावॅट धरली की उत्तर सेकंदाला साधारण ३९ घनमीटर येतं, निम्म्याहून कमी, क्लायंट खूश. पण त्याच एट्रियममध्ये दिवाळीला लकी ड्रॉची गाडी उभी राहते, थर्माकोलचा किल्ला उभा राहतो, कपड्यांचे स्टॉल लागतात, हे अधिकाऱ्याला तुमच्याइतकंच माहीत असतं. इथे निदान ५ मेगावॅट धरा. स्प्रिंकलर आहेत म्हणून आग तिथेच थांबेल असं लिहू नका, १६ मीटरवरच्या छताला लावलेला साधा स्प्रिंकलर उशिरा फुटतो आणि तोवर आग हाताबाहेर वाढलेली असू शकते. आणि जी आग धरली ती पत्रात स्पष्ट लिहा, म्हणजे एट्रियममध्ये काय ठेवता येईल यावर मॉल मॅनेजमेंटला अटही घालता येते.

दुसरी चूक उंचीची. खालच्या सूत्रातला z म्हणजे जळणाऱ्या वस्तूपासून धुराच्या थराच्या तळापर्यंतचं अंतर. काही जण तळमजल्यावर माणसाच्या डोक्यावर २ मीटर मोकळे ठेवले की झालं असं समजतात, पण सगळ्यात वरच्या उघड्या गॅलरीवरची माणसंही त्याच हवेत उभी असतात. आपल्या केसमध्ये वरची गॅलरी ८ मीटरवर आहे, तिच्यावर २ मीटर, म्हणजे z = १०, आणि तो फ्लोअरपासून मोजा, म्हणजे हिशोब सुरक्षित बाजूला राहतो.

```
Qc = 0.7 x 5000 = 3500 kW
m  = 0.071 Qc^(1/3) z^(5/3) + 0.0018 Qc
   = 56.3 kg/s
dT = Qc / (m x 1.0) = 62 K
V  = m / rho = 56.3 / 0.94 = 60 m3/s
```

इथे Qc म्हणजे कन्व्हेक्टिव्ह उष्णता, एकूण उष्णतेच्या ७० टक्के; m म्हणजे सेकंदाला तयार होणाऱ्या धुराचं वजन, dT म्हणजे त्याची तापमानवाढ, rho त्याची घनता आणि V म्हणजे फॅनला ओढावा लागणारा फ्लो. काही जण पूर्ण ५००० टाकतात, काही जण मेगावॅटमध्येच ५ टाकतात आणि उत्तर हास्यास्पद लहान येतं तरी लक्षात येत नाही. बाहेरची हवा ४० अंश धरलीये, कारण आपल्याकडे मे महिन्यात तेच खरं असतं, आणि धूर सरासरी १०२ अंशाला जातो. उत्तर ६० आलं की १० टक्के वर धरून ६६ मागा, म्हणजे ८० च्या ऐवजी ६६. ही बचत खरी आहे आणि टिकते. पण हीच गॅलरी १० मीटरवर असती तर z १२ होतो, उत्तर ७६ येतं, १० टक्के धरून ८३, म्हणजे ८० ची मूळ अटच कमी पडली असती! हा हिशोब पत्रात एका ओळीत दाखवा, अधिकाऱ्याला पटतं की तुम्ही फक्त फॅन कमी करायला आलेला नाहीत.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ती गोष्ट, प्लगहोलिंग. एकाच ग्रिलमधून जास्त ओढलं की धुराच्या थराला भोक पडतं आणि फॅन खालची स्वच्छ हवा ओढत बसतो, मीटरवर फ्लो पूर्ण दिसतो पण धूर तिथेच. आर्किटेक्टला छतावर ग्रिल नको असतात म्हणून ती बाजूच्या भिंतीत खाली येतात, समजा ग्रिलची खालची कड ११.५ मीटरवर आली. थराचा तळ १० वर, म्हणजे ग्रिलखाली धूर फक्त दीड मीटर. गॅमा हा ग्रिलच्या जागेनुसार बदलणारा गुणक, भिंतीतल्या ग्रिलसाठी तो ०.५ घेतला की एका ग्रिलमधून जास्तीत जास्त अडीच घनमीटर प्रति सेकंद निघतात, आणि ड्रॉइंगमध्ये दाखवलेत ६ ग्रिल, प्रत्येकी ११! तेच ग्रिल वर नेऊन खालची कड १४ वर आणली की खोली ४ मीटर होते आणि मर्यादा जवळपास ३० वर जाते, कारण खालच्या सूत्रात d म्हणजे या खोलीचा घातांक २.५ आहे. T0 म्हणजे बाहेरच्या हवेचं तापमान केल्विनमध्ये, इथे ३१३.

```
Vmax = 4.16 x gamma x d^2.5 x (dT/T0)^0.5
d = 1.5 m: 4.16 x 0.5 x 2.76 x 0.446 = 2.6 m3/s
d = 4.0 m: 4.16 x 0.5 x 32.0 x 0.446 = 29.7 m3/s
```

म्हणजे आर्किटेक्टशी भांडायचं ते फॅनच्या संख्येवर नाही, ग्रिलच्या उंचीवर.

मग मेक-अप एअर. बाहेर काढाल तेवढं आत यायला हवं, साधारण ८५ ते ९५ टक्के. आपल्या ६६ ला धुराची घनता लावून वजन काढलं आणि ४० अंशाच्या हवेत बदललं आणि त्याचे ९० टक्के धरले तर सेकंदाला अंदाजे ५० घनमीटर हवा आत हवी. ती प्लूमला जाऊन भिडणार असेल तर वेग १.०२ मीटर प्रति सेकंदच्या वर नको, नाहीतर प्लूम वाकतो, जास्त हवा मिसळते आणि वरचं सगळं गणित मोडतं. म्हणजे साधारण ५० चौरस मीटर मोकळी जागा. पत्रात लिहिलेलं असतं "चार मुख्य दरवाज्यांमधून", दरवाजे प्रत्येकी ३ बाय २.४, सगळे मिळून २९ चौरस मीटर आणि वेग १.७! उरलेल्या २१ चौरस मीटरसाठी फायर सिग्नलवर उघडणारे लूव्हर लागतात, आणि त्यांचं क्षेत्रफळ कॅटलॉगमधल्या फ्री एरियाने मोजायचं, चौकटीने नाही. रात्री शटर बंद असताना आग लागली तर काय, हे अधिकारी विचारतातच, म्हणून शटर फायर अलार्मला जोडलंय की नाही ते आधी ठरवून घ्या.

काचेचं छत असेल तर अजून एक. उन्हात छताखाली गरम हवेचा थर बसतो आणि सुरुवातीचा कमजोर धूर त्याखालीच अडकतो, छताचा डिटेक्टर गप्प. फॅन सुरूच झाले नाहीत तर ६६ आणि ८० मध्ये काही फरक नाही. मधल्या उंचीवर बीम डिटेक्टर दाखवा.

पत्रात अट क्रमांक, मागितलेला बदल, वरचं हाताने केलेलं गणित, ग्रिलची उंची दाखवणारं सेक्शन आणि मेक-अपचा तक्ता, एवढं पहिल्या दोन पानांत ठेवा, सीएफडी म्हणजे कॉम्प्युटरवरच्या धुराच्या सिम्युलेशनचे रंगीत फोटो मागे जोडा, कारण त्यातही आग तुम्हीच टाकलेली असते. फॅनच्या तापमान रेटिंगमध्ये सूट मागू नका, १०२ ही सरासरी आहे, आगीच्या वरच्या ग्रिलला जास्त लागतं. लेखी मंजुरी आल्याशिवाय फॅनची ऑर्डर देऊ नका. आणि फायनल एनओसीच्या आधी सगळे दरवाजे-लूव्हर अलार्मने उघडवून, फॅन चालवून प्रत्येक ग्रिलचा फ्लो आणि दारातला वेग मोजायचं वेळापत्रक त्याच अर्जात द्या. नंतर कुणी गॅलरीवर मजला वाढवला किंवा ग्रिल खाली आणलं तर ही मंजुरी लागू राहत नाही, गणित परत करून परत अर्ज करावा लागतो, हेही त्यात लिहून टाका.