फोटोशेजारी प्रश्नही ठेवा

झाडाच्या पानाचा फोटो जाणकाराला पाठवला, उत्तर आलं: ‘हो, दुसरा आहे तोच.’ सहा महिन्यांनी फोटो सापडतो, पण दुसरा म्हणजे काय, हे काही केल्या आठवत नाही.

म्हणून फोटो `IMG_2041.jpg` असेल तर त्याच फोल्डरमध्ये `IMG_2041.txt` ठेवा. नाव तेच असलं की नावाने लावलेल्या यादीत दोन्ही शेजारी दिसतात. आत एवढंच:

```
प्रश्न: कडा फाटलेल्या पानावरचे तपकिरी ठिपके बुरशीचे की उन्हाचे?
माहीत होतं: ठिपके 4 दिवसांपूर्वी दिसले, फक्त खालच्या पानांवर
```

प्रश्न विचारला त्याच शब्दांत लिहा. ‘पानाचा रोग’ असा सारांश लिहिला, तर ‘बुरशी की ऊन’ हे दोन पर्यायच हरवतात, आणि ‘दुसरा’ या उत्तराचा अर्थ त्यांच्याशिवाय लागत नाही. जागा सांगताना ‘डावीकडचं पान’ नको. फोटो कापला किंवा फिरवला की डावी बाजू बदलते, फाटलेली कडा मात्र तशीच राहते.

चिठ्ठी प्रश्न पाठवतानाच लिहा. उत्तर कळल्यावर लिहिलेला प्रश्न नकळत त्या उत्तराकडे झुकतो, माझा तर हमखास. आणि मेसेजमधून परत उतरवलेल्या फोटोचं नाव बरेचदा बदललेलं असतं, तेव्हा जोडी मूळ फाइलशीच लावा.