एका पाइपवर दोन फ्लॅट: व्हॉल्व्ह आणि उपमीटर कसे बसवावेत

दोन फ्लॅटना मिळून पाण्याची एकच लाइन असेल तर बिलावरून कुरबुर ठरलेलीच. प्रत्येक फ्लॅटच्या फाट्यावर स्वतंत्र व्हॉल्व्ह आणि उपमीटर बसवला की हिशेब वेगळा होतो. मात्र मुख्य मीटर आणि त्याचं सील पाणीपुरवठा करणाऱ्यांच्या ताब्यातलं असतं, त्याला हात लावायचा नाही. आपलं काम त्याच्या पुढच्या पाइपवर, आणि तेही परवानगी घेऊनच.

आधी जुनी लाइन शोधा. मुख्य व्हॉल्व्ह बंद करून दोन्ही घरांतले नळ उघडा, पाणी थांबलं पाहिजे. मग मुख्य मीटरपासून पाइप कुठून कुठे जातो ते बघत चला. बाहेरचा नळ, जिन्यातला नळ, भिंतीत गेलेला एखादा पाइप, जे दिसेल ते कागदावर काढा. फाटा या सगळ्याच्या आधी फुटायला हवा. फाटे जिथे फुटतात तो टी जोड आणि उपमीटर यांच्यामध्ये एखादा नळ राहिला, तर त्याचं पाणी कोणाच्याच खात्यात पडत नाही. सामाईक नळ ठेवायचाच असेल तर त्याचा खर्च कसा वाटायचा ते आधीच ठरवा.

सामाईक भागाचा पाइप फाट्यांपेक्षा एक-दोन मापं मोठा ठेवा: फाटे १५ मिमीचे असतील तर तो २० किंवा २५ मिमीचा. नाहीतर एका घरात नळ सुटला की दुसऱ्या घरातला शॉवर मंदावतो आणि दोष मीटरवर जातो.

टीनंतर दोन्ही फाट्यांवर क्रम सारखाच: बॉल व्हॉल्व्ह, कचरा अडवणारा स्ट्रेनर, थोडा सरळ पाइप, उपमीटर, पाणी उलटं येऊ न देणारा एनआरव्ही आणि शेवटी दुसरा बॉल व्हॉल्व्ह. दोन व्हॉल्व्हमुळे मीटर काढताना घरातल्या पाइपमधलं पाणी अंगावर येत नाही. मीटरच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे खोलता येणारे जोड, लावा. मीटरवरचा बाण प्रवाहाच्या दिशेने असावा. साधा यांत्रिक मीटर आडवा, तबकडी वर करून बसवा. तिरका बसवला तर बारीक धार नीट मोजली जात नाही.

जोडणी चालू असताना मीटर लावू नका. त्याच्या जागी तेवढ्याच लांबीचा पाइपचा तुकडा टाका, पाइप चिकटवायचं सॉल्व्हेंट पूर्ण सुकू द्या, मग पाणी जोरात सोडून लाइन धुवा. कापताना पडलेला चुरा आणि टेफ्लॉनचे धागे पहिल्या पाण्याबरोबर वाहून येतात आणि नेमके मीटरच्या पंख्यात अडकतात. लाइन धुऊन झाली की तुकडा काढून मीटर बसवा आणि व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, कारण आत कोंडलेली हवा मीटर जोरात फिरवते.

एनआरव्ही टाळू नका. पुरवठा बंद असताना खालच्या घरात नळ उघडला, तर वरच्या घराच्या पाइपमधलं पाणी फाट्यातून उलटं खाली येऊ शकतं आणि मीटरही उलटा फिरतो. फक्त एक बघा: गीझर थेट याच लाइनवर असेल, तर तापून फुगलेल्या पाण्याला मागे जायची वाट आता बंद होते. म्हणून त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह चालू स्थितीत आहे ना, हे प्लंबरकडून तपासून घ्या.

आता खरी परीक्षा. दोन्ही फाटे बंद करा. मुख्य मीटरची सर्वांत बारीक चक्ती हलता कामा नये. हलली तर मधे गळती आहे किंवा एखादा पाइप नजरेतून सुटलाय. मग फक्त पहिला फाटा उघडून दुसऱ्या घरातले सगळे नळ सोडा, गरम पाण्याचेही. सुरुवातीला थोडं साचलेलं पाणी येईल, ते निथळू द्या. त्यानंतरही धार चालूच राहिली तर भिंतीत कुठेतरी दोन्ही घरांचे पाइप जोडलेले आहेत, आणि ती जोडणी तोडेपर्यंत उपमीटरच्या आकड्यांना अर्थ नाही. फाटे बदलून हीच चाचणी पुन्हा घ्या. शेवटी दोन्ही घरांसमोर तिन्ही मीटरचे सुरुवातीचे आकडे लिहून फोटो काढा.

बेरीज तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका. समजा महिन्याला मुख्य मीटरवर ३६ घनमीटर आले, पहिल्या उपमीटरवर २१ आणि दुसऱ्यावर १४. बेरीज ३५, म्हणजे १ घनमीटरचा, १००० लिटरचा फरक. तो वापराच्या प्रमाणात वाटा: २१ भागिले ३५ म्हणजे ६० टक्के, म्हणून पहिल्याचे २१.६ आणि दुसऱ्याचे १४.४ घनमीटर. प्रत्येक मीटरला थोडी चूक माफ असते, आणि थेंब थेंब गळणारा फ्लश कधीकधी मीटर फिरवतही नाही. पण हा फरक दर महिन्याला वाढत चालला, तर भांडण्याआधी दोन्ही फाटे बंद करून मुख्य मीटरची चक्ती पुन्हा बघा.